शालूताईंचे दहा हजार: चक्रवाढ व्याजाच्या व्हाइटबोर्ड व्हिडिओची पटकथा, तपासून द्या

मृणाल_इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या लोकमान्य नगरात बायकांची महिन्याची बीसी, म्हणजे भिशी, आहे. बहुतेकींचे जास्तीचे पैसे बचत खात्यात, नाहीतर डब्यात. यंदा गणपतीत कार्यक्रमाआधी पडद्यावर चार मिनिटं मिळाली आहेत, तेवढ्यात चक्रवाढ व्याज समजावायचं ठरवलंय. भाषण द्यायचं नाही, फळ्यावर हात चित्र काढत जाईल आणि मागे माझा आवाज. चार फूट बाय तीन फुटांचा पांढरा फळा आहे, मोबाईल समोर स्टँडवर. चित्रीकरण नंतर चौपट वेगानं पळवायचं.

सगळ्या व्हिडिओत एकच बाई: शालूताई. कुरडया-पापडाच्या ऑर्डरी घेतात, दिवाळीनंतर हातात दहा हजार उरलेत. पटकथेचा मधला भाग असा आहे:

दृश्य २. चित्र: शालूताई, पिशवी, पोस्टाची लाल पेटी.
आवाज: "शालूताईंनी पोस्टात पाच वर्षांची एफडी केली. व्याज साडेसात टक्के. पहिल्या वर्षाचं व्याज मुद्दलात मिळालं, दुसऱ्या वर्षी त्या व्याजावरही व्याज आलं…"

दृश्य ३. चित्र: पाच खांब, एका वर्षाला एक. हजार रुपयांना एक इंच.
आवाज: "बघा, खांब कसे भराभर वाढतायत!"

अडचण इथेच आहे. शेजारच्या काकूंना कच्चं चित्रीकरण दाखवलं. त्या म्हणाल्या, "भराभर कुठे गं, जिन्याच्या पायऱ्या आहेत नुसत्या." चूक माझ्या हाताची की पटकथेची?

शेवपोहे
मृणालताई, पटकथेची. मी असे व्हिडिओ पैसे घेऊन करतो, त्यामुळे सांगतो. हजाराला एक इंच म्हणजे पहिला खांब पावणेअकरा इंच आणि शेवटचा सव्वाचौदाच्या जरा वर. साधं व्याज असतं तर तोच खांब जेमतेम अर्धा-पाऊण इंच कमी आला असता. दुसऱ्या वर्षी तर फरक दीड मिलिमीटरचा. तुमच्या मार्करचं टोक त्याहून जाड आहे! जे दाखवायचंय तेच शाईत बुडालंय.

छप्पनवाला
ताई, बीसीत पण चक्रवाढ लागते का? आमची बोलीची बीसी आहे, मागच्या महिन्यात एकानं फार तोटा खाऊन, म्हणजे बरीच कमी रक्कम घेऊन, उचलली. तो तोटा बाकीच्यांत वाटला गेला, माझ्या वाट्याला ४०० आले. हे व्याजावर व्याज झालं का?

टपालकाका
छप्पनवाला, ते नव्हे. तुमचे ४०० हातात आले, तुम्ही ते पोहे-जिलबीत घातले, विषय संपला. ४०० परत कामाला लागले तरच चक्र फिरतं.

आणि मृणालताई, नेमकी हीच गोष्ट तुमच्या दृश्य २ मध्ये चुकली आहे. खांबांचं नंतर बघू. मी टपाल खात्यात बचतीच्या खिडकीवर बरीच वर्षं काढली. आपण जिला पोस्टाची एफडी म्हणतो, ती टीडी, म्हणजे टाइम डिपॉझिट. तिचं व्याज तिमाही हिशेबानं काढतात, पण ते दर वर्षाच्या शेवटी देतात. मुद्दलात मिळवत नाहीत. शालूताईंनी ते उचललं नाही तरी ते तसंच पडून राहतं, आणि न उचललेल्या व्याजावर दमडीही जास्त मिळत नाही. नियमच तसा आहे. पाच वर्षं संपतील तेव्हा मुद्दल दहाचे दहा हजारच.

तुम्ही व्हिडिओत जे सांगताय ते घडतं एनएससीत, म्हणजे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात. तिथे व्याज दर वर्षी मुद्दलात जिरतं आणि पाच वर्षांनी सगळं एकदम मिळतं.

मृणाल_इंदूर
अरे देवा. काका, मी बँकेच्या एफडीवरून धरून चालले होते की पोस्टातही तसंच असेल.

टपालकाका
बँकेतही तुम्ही व्याज दरमहा किंवा दर तिमाहीला खात्यात मागितलंत तर चक्र तुटतं. मुदत संपल्यावर एकदम घेणारी एफडी असेल तरच ते चालू राहतं. फॉर्मवर एक खूण इकडची तिकडे झाली की संपलं.

आक्का
माझंच झालं हे! यांच्या निवृत्तीच्या पैशांतून दोन लाखांची पाच वर्षांची टीडी केली होती. मी म्हटलं, हात लावायचा नाही, वाढू दे. पाच वर्षं मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही, स्वतःचं कौतुक वाटायचं. मुदत संपल्यावर गेले तर मुद्दल तेवढंच आणि पाच वर्षांची पाच व्याजं शेजारी शेजारी उभी, सगळी सारख्या आकड्याची. खिडकीवरच्या मुलानं वर विचारलं, "माँजी, निकाला क्यों नहीं?" करताना कुणी सांगितलं नव्हतं हो. म्हणजे मी न खर्चून नुकसान करून घेतलं.

टपालकाका
आक्का, पुढच्या वेळी टीडी करताना तिचं व्याज आपोआप पोस्टाच्या बचत खात्यात जाईल असं लिहून द्या. तिथे ४ टक्के तरी मिळतात.

मृणाल_इंदूर
आक्का, तुमची गोष्ट वाचून वाटतंय की व्हिडिओ हाच असायला हवा. शालूताई एकच, पण पासबुकं दोन.

टपालकाका
करा. आकडेही असे जुळून आलेत की मुद्दाम शोधून सापडणार नाहीत. एप्रिल २०२३ पासून पाच वर्षांच्या टीडीला ७.५ टक्के आहेत आणि एनएससीला ७.७. टीडीचं व्याज तिमाहीनं काढल्यामुळे दहा हजारांवर वर्षाला ७७१ रुपये येतात. एनएससीत पहिल्या वर्षी ७७०. म्हणजे पहिल्या वर्षी टीडी एका रुपयानं पुढे आहे!

पाच वर्षांनी टीडीचं व्याज ७७१ पाच वेळा, म्हणजे ३,८५५. एनएससीचं ४,४९०. मधले ६३५ रुपये फक्त व्याज कुठे राहायला गेलं यावरून पडलेत.

गणिती_भाऊ
पण काका, तुम्ही मुख्य मुद्दा सोडताय. खरी ताकद व्याज किती वेळा मिळवतात यात असते. वार्षिकऐवजी तिमाही, तिमाहीऐवजी मासिक, की रक्कम कुठच्या कुठे जाते. व्हिडिओत तेच दाखवा, लोक थक्क होतील.

टपालकाका
भाऊ, जास्त वेळा मिळवलं की जास्त मिळतं हे बरोबर. "कुठच्या कुठे" मात्र नाही. हेच ७.७ टक्के तिमाहीनं मुद्दलात मिळवले असते तर पाच वर्षांनी १४,४९० ऐवजी १४,६४२ झाले असते. दीडशे रुपयांचा फरक. आणि टीडीचंच बघा: हिशेब तिमाहीचा असूनही ती मागे पडली, कारण वर्षाच्या शेवटी व्याज घराबाहेर काढलं.

गणिती_भाऊ
दीडशे पाच वर्षांत. तीस वर्षं धरा ना.

टपालकाका
तीस वर्षांत दहा हजारांवर सहाएक हजार जास्त. नाही म्हणत नाही. पण चार मिनिटांच्या व्हिडिओत त्याला जागा देऊ नका.

आणखी एक. आक्कांना सांगितलं तसं शालूताईंनी टीडीचं व्याज बचत खात्यात वळवलं, तर ३,८५५ चे साधारण ४,१७६ होतील. म्हणून "टीडीत ३,८५५ च" असं ठोकून सांगू नका. "हात न लावता पडून राहिलं तर" असं म्हणा.

शेवपोहे
आता खांबांचं. ताई, शिल्लक काढूच नका. त्या त्या वर्षाचं व्याज तेवढं काढा. मुद्दलाचे दहा हजार प्रत्येक खांबात तळाला बसून सगळी उंची खातात. ते काढून टाका, आणि १०० रुपयांना एक इंच घ्या.

एनएससीचं व्याज वर्षागणिक ७७०, ८२९, ८९३, ९६२, १,०३६. पहिला खांब पावणेआठ इंचांचा, निळा. दुसऱ्या वर्षीही तेवढाच निळा आणि वर अर्ध्या इंचाहून जरा जास्त लाल. निळं म्हणजे मुद्दलावरचं व्याज, लाल म्हणजे व्याजावरचं. तिसऱ्या वर्षी लाल सव्वा इंच, मग जवळपास दोन इंच, पाचव्या वर्षी पावणेतीन इंचांच्या आतबाहेर. आता काकूंना पायऱ्या नाही दिसणार, लाल टोपी मोठी होताना दिसेल.

टीडीचे पाच खांब बाजूला काढा. पाचही निळे, पाचही सारखे, लाल काहीच नाही. बोलायचीसुद्धा गरज पडणार नाही.

मृणाल_इंदूर
हे फार आवडलं. टीडीचे खांब आधी काढू की एनएससीचे?

शेवपोहे
टीडीचे आधी. आणि दोन्हीकडचे निळे एका आडव्या रेषेवर संपू द्या. ती रेषा पेन्सिलनं आधीच मारून ठेवा, कॅमेऱ्यात दिसत नाही. हातानं काढताना निळं दोन-तीन मिलिमीटर वरखाली झालं की बघणारा लाल सोडून त्याच्याकडेच बघतो. ७७० आणि ७७१ चा फरक चित्रात दाखवायला जाऊ नका, तो आवाजात येऊ द्या.

आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्र नंतर. उलटं केलंत तर हात थांबलाय आणि बाई बोलतेय असं होतं. आकडा तोंडानं म्हणायला वेळ लागतो: "चौदा हजार चारशे नव्वद" म्हणून बघा, हाताचं लिहून कधीच झालेलं असतं. म्हणून आकडा लिहिताना वेग चौपट नको असं वाटेल, पण सगळीकडे वेग एकच ठेवा. मध्येच बदलला की हात झटका आल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा आकडे कमी करा. पूर्ण दृश्यात तीन पुरे.

आक्का
आणि सर्टिफिकेटचं चित्र काढा हो, म्हणजे बायकांना ओळखू येईल. आमच्या कपाटात अजून जुनी आहेत, छान नक्षीची.

टपालकाका
नको, आक्का. २०१६ पासून छापील सर्टिफिकेट बंद झालं. आता पासबुक मिळतं. सर्टिफिकेट काढलंत तर बायका खिडकीवर जाऊन तेच मागतील.

मृणाल_इंदूर
दोन दिवसांनी परत आले. दृश्य ३ नव्यानं लिहिलं, वाचा.

चित्र: डावीकडे पाच सारखे निळे खांब. शालूताई प्रत्येक खांबाखाली एक पुडी ठेवताहेत.
आवाज: "या पासबुकात दर वर्षी सातशे एकाहत्तर रुपये यायचे. शालूताईंनी ते उचलले नाहीत. पुडीत बांधले तसे तिथेच पडून राहिले."

चित्र: उजवीकडे पहिला निळा खांब. हात थांबतो.
आवाज: "या दुसऱ्या पासबुकात पहिल्या वर्षी सातशे सत्तरच. एक रुपया कमीच म्हणायचा. पण हा पैसा पुडीत बसला नाही, मुद्दलाबरोबर कामाला गेला."

चित्र: दुसरा खांब, वर लाल टोपी.
आवाज: "लाल दिसतंय ते त्या सातशे सत्तरांनी कमावलेलं. एकोणसाठ रुपये."

मग तिसऱ्या खांबाच्या निळ्यावर हात थांबवते आणि विचारते, "आता लाल किती येईल?" काल काकूंवर प्रयोग केला. त्यांनी पटकन सांगितलं, "८२९ मध्ये आणखी ५९. आठशे अठ्ठ्याऐंशी." मला वाटलं, समजलं! पण खरा आकडा ८९३ आहे. पाच रुपये जास्त. त्या म्हणाल्या, "हे पाच कुठून आले?"

आणि मला सांगता येईना.

टपालकाका
त्या ५९ रुपयांनी कमावले. एकोणसाठांवर ७.७ टक्के, साडेचार रुपये. तुम्ही पूर्ण आकडे लिहिताय म्हणून ते पाच दिसतात. लालावरही लाल चढतं, मृणालताई. काकूंना व्याज वाढतं हे कळलंय, फक्त ते दर वर्षी सारखंच वाढतं असं त्या धरून चालल्यात. बहुतेक लोक इथेच थांबतात. बँकेत जाऊन आलेलेसुद्धा.

शेवपोहे
काकूंचं ८८८ व्हिडिओत घ्या! एका बाईच्या बोलण्याच्या फुग्यात ८८८ लिहा, मग हात येऊन टोपी किंचित वर नेतो. पाच रुपये म्हणजे तुमच्या मापानं सव्वा मिलिमीटर, दिसणार नाही. इथे लाल टोपी काढून तिच्यावर एक बारीक लाल ठिपका द्या आणि आवाजात सांगा. हे चित्र मापाचं नाही, खुणेचं आहे एवढं ध्यानात असू द्या.

मृणाल_इंदूर
दुसऱ्या एकीनं वेगळंच विचारलं: "दर वर्षी टक्का वाढवतात का गं?" खांब उंच होताना बघून तिला तसं वाटलं.

टपालकाका
चांगली खूण मिळाली. हा प्रश्न आला की समजायचं, चित्रात टक्का कुठे दिसतच नाही. फळ्याच्या वर "७.७" एकदाच लिहा, चौकट करा, शेवटपर्यंत पुसू नका. प्रत्येक खांबापाशी हात आधी त्या चौकटीकडे जाऊ द्या.

गणिती_भाऊ
आता तीस वर्षांचं दृश्य कधी? त्याशिवाय मजा नाही.

मृणाल_इंदूर
ते दृश्य ४. दर पाच वर्षांनी शालूताई आलेली सगळी रक्कम परत एनएससीत टाकतात. फळा तीन फूट उंच, म्हणून ३,००० रुपयांना एक इंच घेतलं. दहा हजार सव्वातीन इंच, तीस वर्षांचे ९२,५७० जवळपास एकतीस इंच. मावतं. इथे शिल्लकच काढते, काळं मुद्दल, निळं, लाल. शेवटच्या खांबात काळं दहा हजार, निळं २३,१०० आणि बाकी सगळं लाल: ५९,४७०. लाल मार्कर संपला तालमीत!

शेवपोहे
चालेल, पण १०० ला एक इंचावरून ३,००० ला एक इंच झालंय हे न सांगता दृश्य बदलू नका. फळा पुसताना दाखवा आणि म्हणा, "आता खांब लहान काढू, नाहीतर फळा पुरायचा नाही." गुपचूप माप बदललं तर ती फसवणूक, मग हेतू कितीही चांगला असो.

टपालकाका
मला हे दृश्य पसंत नाही. सांगतो का. एनएससीचा दर घेतल्या दिवशी जो असेल तो पाच वर्षांसाठी पक्का. पुढच्या खेपेला सरकार काय देईल कुणाला ठाऊक? २०२० ते २०२२ मध्ये तो ६.८ होता. तीस वर्षं ७.७ धरून ९२,५७० म्हणणं म्हणजे पाच वेळा नशीब पक्कं धरणं. शिवाय या व्याजावर आयकर आहे, ज्यांचं उत्पन्न करपात्र आहे त्यांचं लाल त्यातून कातरलं जातं.

आक्का
आणि तीस वर्षांनी ९२ हजारांत काय येईल ते? मी १९९४ मध्ये सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर जे खात होते त्याचा आजचा भाव ऐकून तिथूनच परत फिरते.

गणिती_भाऊ
महागाई, कर, दर सगळं घातलंत तर व्हिडिओ नाही, खटला होईल. पंचवीस वर्षांनी ६३,८८४ आणि तीसला ९२,५७०. शेवटच्या पाच वर्षांतच साडेअठ्ठावीस हजार, मूळ रकमेच्या जवळजवळ तिप्पट. लोक मध्येच मोडतात ते इथेच गमावतात. हे पाच वर्षांच्या चित्रात कसं दाखवणार?

टपालकाका
त्यात तुमचं म्हणणं खरं आहे. पाच वर्षांत लाल ६४० रुपये, तेवढ्यानं कुणी थक्क होत नाही. तरी गणपतीसमोर ९२ हजारांचं वचन देऊ नये असं माझं मत. उद्या बायका पासबुक घेऊन मृणालताईंकडेच येतील.

शेवपोहे
मधला मार्ग: खांबांच्या डोक्यावर आकडे लिहूच नका. फक्त "५ वर्षं", "१० वर्षं" असं खाली, आणि आवाजात "दर असाच राहिला तर" पहिल्या वाक्यात. तळाला बारीक अक्षरांत नको, ते कुणी वाचत नाही.

मृणाल_इंदूर
आकड्यांशिवाय खांब काढून बघते. काका, तुम्हाला पटलं नाही तर दृश्य ४ काढून त्या वेळात आक्कांची टीडीची गोष्ट घालते, नाव न घेता. आक्का, चालेल?

आक्का
नाव घेतलंस तरी चालेल. फक्त यांनी मला आधी सांगितलं होतं ते मध्ये आणू नकोस.

छप्पनवाला
ताई, तो ४०० चा हिशेब राहिलाच. ते एनएससीत टाकता येतात का?

टपालकाका
कमीत कमी हजार लागतात, पुढे शंभरच्या पटीत. दोन बीशा थांबा.

मृणाल_इंदूर
एक तातडीचं: लाल मार्कर फळ्यावरून निघत नाहीये. काल काढलेला तीस वर्षांचा खांब फिकट गुलाबी होऊन तसाच राहिलाय, उद्या शूटिंग आहे. काय लावू?

शेवपोहे
त्यावर फळ्याच्याच काळ्या मार्करनं गिरवा आणि ओलं असतानाच पुसा, बरोबर निघेल. नाही निघालं तर स्पिरिट. आणि मार्करवर "परमनंट" लिहिलेलं नाही ना, ते आधी बघा.

मृणाल_इंदूर
लिहिलंय.